चरकाचे दात मोजताना

उसाचा चरक बैलांवर चालायचा तेव्हा त्याला गिअर लागत नव्हते. मधल्या उभ्या लाटेच्या डोक्यावर लांब दांडा बसवलेला असे, त्याच्या टोकाला बैल जुंपलेले असत आणि बैलांनी एक फेरा मारला की लाटेचाही एक फेरा होई. बैलाची चाल आणि उसाला लागणारी चाल यांचा मेळ आपोआप बसत असे. १८७०च्या दशकात बिहारमधल्या बिहिया गावी थॉमसन आणि मिल्न यांनी लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी लाटांचा चरक आणला. पुढे आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून नांगरांबरोबर चरकही बाहेर पडू लागले. लाटा लोखंडाच्या झाल्या तरी पुढे बैलच होते. गिअरचा प्रश्न आला तो बैलांच्या जागी इंजिन आणि मग मोटार आली तेव्हा.

मोटार बैलापेक्षा बलवान आहे, हे वाक्य अर्धेच खरे आहे. हिशेब करून पाहू. मध्यम बांध्याची बैलजोडी दिवसभर काम करताना साधारण ८० किलोचा ओढा देते, असे धरू. चार मीटरच्या दांड्यावर ती ताशी सव्वादोन-अडीच किलोमीटरने फिरली, तर एका फेऱ्याला चाळीसेक सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला दीड फेरा. शक्ती निघते सुमारे ५१० वॉट, पाऊण हॉर्सपॉवरच्याही किंचित खाली. पण दांड्याच्या मुळाशी, लाटेवर, पडणारा पीळ म्हणजे टॉर्क किती? ओढा गुणिले दांड्याची लांबी. ८० किलो म्हणजे ७८५ न्यूटन, गुणिले ४ मीटर, म्हणजे ३,१४० न्यूटन-मीटर. आता दहा हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेसात किलोवॉटची मोटार घ्या. पाटीवर वेग लिहिलेला असतो मिनिटाला १,४४० फेरे. तिच्या शाफ्टवरचा टॉर्क भरतो जेमतेम ५० न्यूटन-मीटर. शक्तीत मोटार बैलजोडीच्या जवळजवळ पंधरापट, पण पिळात बैलजोडी मोटारीच्या साठपटीहून जास्त. मोटारीची सगळी शक्ती तिच्या वेगात असते. गिअर त्या वेगाचा पीळ करून देतात.

धाराशिव जिल्ह्यात हे रूपांतर दोन टोकांच्या आकारांत पाहायला मिळते. मांजरा आणि तेरणा या नद्यांच्या आधाराने कळंब, धाराशिव, उमरगा या भागांत ऊस आहे. ढोकीचा तेरणा कारखाना, रांजणीचा नॅचरल शुगर असे साखर कारखाने आहेत, आणि त्यांच्याबरोबर गुऱ्हाळेही आहेत. कारखान्यातली मिल बंद आवरणाआड, मोठ्या गिअरबॉक्समागे असते. गुऱ्हाळाच्या चरकाचे गिअर मात्र उघडे असतात. जाळी बाजूला केली की दात दिसतात, हाताने मोजता येतात. म्हणून कळंब तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचा चरक या लेखासाठी निवडला. चरक जुना, मालकाने दुसऱ्याकडून घेतलेला, त्यावरची पाटी केव्हाच गेलेली. लाटा मिनिटाला किती फिरतात आणि किती जोराने फिरतात, हे सांगणारा एकही कागद नव्हता. होते ते फक्त दात.

सोबत गावातल्याच वर्कशॉपचे मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिली गोष्ट त्यांनी केली ती मेन स्विच खाली ओढून फ्यूज काढून खिशात टाकण्याची. “दात मोजताना कुणी बटन दाबलं तर बोटं मोजायची पाळी येती,” ते म्हणाले. मग मालकाला पट्टा उतरवायला सांगितला आणि खडू घेतला.

चरकाची मांडणी अशी होती. वर घेतली तशीच दहा हॉर्सपॉवरची मोटार, तिच्यावर १२५ मिलिमीटरची लहान पुली, तिथून पट्टा चरकाच्या ६०० मिलिमीटरच्या मोठ्या पुलीवर. त्या पुलीच्या शाफ्टवर एक लहान गिअर, म्हणजे पिनियन. ते मधल्या शाफ्टवरच्या मोठ्या गिअरला फिरवते. मधल्या शाफ्टवर त्या मोठ्या गिअरशेजारी दुसरे पिनियन बसवलेले, जाड दातांचे. ते शेवटच्या सर्वांत मोठ्या गिअरला फिरवते आणि तो गिअर थेट वरच्या लाटेच्या शाफ्टवर आहे. दात सगळ्यांचे सरळ, शाफ्टला समांतर कापलेले. यालाच स्पर गिअर म्हणतात, आणि लहान-मोठ्या गिअरच्या अशा दोन जोड्या एकामागून एक आल्या की तो झाला दोन टप्प्यांचा रिड्यूसर. वरच्या लाटेवरून खालच्या दोन लाटांना फिरवणारे गिअरही आहेत, पण त्या तिघांचे दात सारखेच असल्यामुळे वेगात फरक पडत नाही. फक्त दिशा उलटते. त्यांना या हिशेबातून बाजूला ठेवले.

मामांनी पहिल्या पिनियनच्या एका दातावर खडूची रेघ मारली आणि एकेका दातावर बोट ठेवत पुन्हा रेघेपर्यंत आले. सतरा. मधला मोठा गिअर चौऱ्याऐंशी. दुसरे पिनियन पंधरा. शेवटचा गिअर शहात्तर. शेवटच्या गिअरचा एक दात अर्धा तुटलेला होता, तोही मोजला. दात तुटला तरी त्याची जागा राहते आणि हिशेब जागेचा असतो.

मोठ्या गिअरवर एखादा दात चुकणे अगदी सोपे. ते पकडायची मामांची रीत पक्की आहे. गिअरचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्या बेरजेने भागायचे. जे उत्तर येते त्याला मॉड्यूल म्हणतात. तो दाताच्या जाडीचा माप-आकडा असतो, सहसा सुबक असतो, आणि एकमेकांत बसणाऱ्या दोन्ही गिअरचा तोच असावा लागतो. चौऱ्याऐंशीच्या गिअरचा व्यास भरला ५१६ मिलिमीटर. ५१६ भागिले ८६, बरोबर ६. त्याच्या पिनियनचा व्यास ११४, भागिले १९, पुन्हा ६. कुणी दात ८५ मोजले असते तर ५१६ भागिले ८७ म्हणजे ५.९३ आले असते आणि पिनियनशी जमले नसते. दुसऱ्या जोडीत ७८० भागिले ७८ आणि १७० भागिले १७, दोन्हीकडे १०. दात झिजलेले असले की व्यास एखादा मिलिमीटर कमी भरतो, तेवढी सूट द्यावी लागते. जुन्या विलायती यंत्रांचे गिअर इंचाच्या मापात कापलेले असतात, तेव्हा उत्तर सुबक येत नाही. पण दोन्ही गिअरचे उत्तर एकच येते का, ही खूण तिथेही चालते.

आता वेग. पिनियनचा एक दात पुढे गेला की मोठ्या गिअरचाही एकच दात पुढे जातो. दुसरे काही घडूच शकत नाही. पिनियनचा पूर्ण फेरा झाला, म्हणजे सतरा दात गेले, तेव्हा मोठा गिअरही सतराच दात सरकला. त्याच्या चौऱ्याऐंशीतले सतरा. म्हणून मोठ्या गिअरच्या एका फेऱ्याला पिनियनचे ८४ भागिले १७, म्हणजे ४.९४ फेरे लागतात. दुसऱ्या जोडीत ७६ भागिले १५, म्हणजे ५.०७. मधल्या शाफ्टवरचे दोन्ही गिअर एकाच शाफ्टला चावीने जखडलेले आहेत, त्यामुळे ते एकाच वेगाने फिरतात. म्हणून दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार होतो:

एकूण गुणोत्तर = (८४ × ७६) ÷ (१७ × १५) = ६३८४ ÷ २५५ = २५.०४

वर फिरवले जाणारे गिअर, खाली फिरवणारे. एवढे लक्षात राहिले तर सूत्र पाठ करावे लागत नाही. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, गुणाकाराऐवजी बेरीज करणे: पाच आणि पाच दहा. लाट प्रत्यक्षापेक्षा अडीचपट वेगाने फिरते असे मग कागदावर दिसते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. मधल्या शाफ्टवर दोन वेगवेगळे गिअर आहेत की एकच, हे न पाहता हिशेब करणे. मध्ये एकच गिअर असेल, पहिल्याकडून घेऊन तिसऱ्याला देणारा, तर त्याचे दात किती हे महत्त्वाचे राहत नाही. तो एकदा फिरवला जाणारा आणि एकदा फिरवणारा असल्यामुळे त्याची संख्या वर-खाली येऊन कटते. तो फक्त दिशा उलटवतो. दोन टप्पे होण्यासाठी मधल्या शाफ्टवर दोन निरनिराळ्या दातसंख्यांचे गिअर हवेत.

दिशेचेही इथेच ठरते. प्रत्येक जोडीत दिशा एकदा उलटते. दोन जोड्या म्हणजे लाट पुलीच्याच दिशेने फिरणार. नवी केबल जोडताना थ्री फेजच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते आणि लाटा ऊस आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतात. ऊस घालायच्या आधी पुलीकडे एक नजर टाकली तरी ते कळते.

पुलीपर्यंतचा वेग मात्र दातांनी ठरत नाही. मोटारीचे १,४४० फेरे आणि पुलींचे गुणोत्तर ६०० भागिले १२५, म्हणजे ४.८. सरळ भागाकाराने ३०० फेरे येतात. पण पट्टा थोडा घसरतोच. दोन टक्के घसरण धरली तर चरकाच्या पहिल्या शाफ्टवर मिनिटाला २९४ फेरे मिळतात. त्याला २५.०४ने भागले की लाटेचा वेग येतो ११.७४ फेरे. मधला शाफ्ट ५९.५ फेऱ्यांवर असतो.

पट्टा चढवून, फ्यूज लावून मोटार चालू केली. ऊस घालायला सुरुवात झाल्यावर मामांनी लाटेच्या कडेवर खडूची खूण धरली आणि मालकाच्या मोबाइलवर वेळ लावली. हिशेबाने दहा फेऱ्यांना ५१ सेकंद लागायला हवे होते. लागले ५६. मालकाला वाटले दात मोजण्यात गडबड झाली. मामा गिअरकडे बघायलाही गेले नाहीत, थेट पट्ट्याकडे गेले. “गिअर घसरत नाही, दादा. दात तुटंल, चावी कापंल, पर घसरणार नाही. येळ जास्त लागतुय म्हंजी चोर पट्ट्यात हाय.” पट्टा गुळगुळीत होऊन चकाकत होता. एका बाजूला रस उडून चिकट थर बसला होता. पुसून, ताण देऊन पुन्हा मोजले तेव्हा दहा फेऱ्यांना ५१ सेकंदच लागले. दातांची संख्या अचूक माहीत असण्याचा हा पहिला उपयोग. गिअरचा भाग संशयातून सुटतो आणि उरलेल्या जागी दोष शोधता येतो.

आता टॉर्क. इथे दातांचा शब्द पूर्वीइतका ठाम राहत नाही.

साडेसात किलोवॉट पूर्ण भरले आहेत असे धरून मोटारीच्या शाफ्टवरचा टॉर्क काढायचा: शक्ती किलोवॉटमध्ये, गुणिले ९,५५०, भागिले फेरे. ७.५ गुणिले ९,५५० भागिले १,४४० म्हणजे ४९.७ न्यूटन-मीटर. पट्ट्यात पाच टक्के शक्ती जाते असे धरले तर चरकाच्या शाफ्टवर ७.१२५ किलोवॉट पोचतात. २९४ फेऱ्यांना त्याचा टॉर्क होतो २३१ न्यूटन-मीटर. गिअरमधून जाताना वेग जितक्या पटीने घटतो तितक्या पटीने टॉर्क वाढतो, कारण शक्ती कुठून नव्याने येत नाही. काहीच वाया गेले नसते तर लाटेवर २३१ गुणिले २५.०४ म्हणजे ५,८०० न्यूटन-मीटरच्या आसपास मिळाले असते.

पण वाया जाते. दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. पितळी बुशांमध्ये शाफ्ट घासतो, ग्रीसमध्ये चिपाडाचा भुसा आणि माती मिसळलेली असते. बंद डब्यात, तेलात बुडालेल्या चांगल्या गिअरच्या एका जोडीत दोन टक्के जातात. अशा उघड्या चरकात एका टप्प्याला पाच टक्के धरणे योग्य, हयगय असेल तर दहासुद्धा. पाच धरले तर ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे ०.९०२५. लाटेवर उरतात ५,२३० न्यूटन-मीटर. मीटरभर दांड्याच्या टोकाला ५३३ किलो वजन टांगावे इतका पीळ. बैलजोडीच्या ३,१४०च्या पावणेदोनपटीच्या जवळ, आणि वेग बैलांच्या सातपटीहून जास्त. मोटारीने आणलेली पंधरापट शक्ती अशी दोन्हीकडे वाटली गेली, थोडी पिळात, जास्त वेगात, आणि वाटेत काही घर्षणात गेली.

ग्रीसची हयगय झाली आणि एका टप्प्याला दहा टक्के जाऊ लागले, तर तोच आकडा ४,७०० न्यूटन-मीटरवर येतो. वेग मात्र तोच, ११.७४. एकही फेरा कमी होत नाही, कारण दात तेवढेच आहेत. घर्षण वेग खात नाही, पीळ खाते. म्हणूनच लाट ठीक फिरताना दिसते तरी जाड ऊस घातला की चरक अडतो, आणि गडी म्हणतात की मोटार कमजोर झाली. हात लावून पाहावा: बुश पोळत असेल तर गेलेला पीळ तिथे उष्णता होऊन बाहेर पडतो आहे.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत होती, मोटार पूर्ण भरलेली आहे ही. रिकामा चरक फिरतो तेव्हा लाटेचा वेग बारा फेऱ्यांच्या जरासा वर असतो, कारण बिनओझ्याची मोटार १,४९०च्या आसपास फिरते. ऊस भरभरून घातला की ११.७४. म्हणजे वेगातला फरक चार टक्क्यांचा. पण टॉर्क? रिकाम्या चरकात तो फक्त बुशांचे घर्षण भागवण्यापुरता असतो आणि भरल्या चरकात पाच हजारांवर जातो. दात एकही बदलला नाही. याचा अर्थ असा की २५.०४ हा आकडा टॉर्क किती आहे हे सांगतच नाही. लाटेवर जितका विरोध येतो तितकाच टॉर्क तिथे उभा राहतो, आणि त्याचा पंचविसावा भाग, वर घर्षणाचा वाटा घेऊन, मागे पट्ट्याकडे जातो. वेगाची आज्ञा मोटारीकडून लाटेकडे जाते. ओझ्याची आज्ञा लाटेकडून मोटारीकडे येते. दात दोन्ही वेळा फक्त भाव ठरवतात.

म्हणून चालू चरकावर टॉर्क पाहायचा तर दातांबरोबर विजेचाही आकडा लागतो. मामांनी मोटारीच्या एका तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला. व्होल्टेज ४१५ आणि करंट ११ अँपिअर. या मोटारीला पूर्ण भाराला चौदा-पंधरा लागतात. पॉवर फॅक्टर ०.८ आणि मोटारीची कार्यक्षमता ०.८७ धरून शाफ्टवर साडेपाच किलोवॉट निघतात. मग लाटेवर त्या क्षणी ५,२३० नव्हे, तर सुमारे ३,८०० न्यूटन-मीटर पीळ होता. उसाची मोळी अजून थोडी जाड घालता आली असती, हे त्यावरून कळते.

याच्या उलट प्रसंग ग्रामीण फीडरवर रोजचा. संध्याकाळी व्होल्टेज ३५० वर येते. अशा मोटारीची टॉर्क देण्याची कमाल क्षमता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. ३५० भागिले ४१५चा वर्ग ०.७१, म्हणजे अडचणीच्या वेळी हाताशी असलेली ताकद तीस टक्क्यांनी कमी. वेग मात्र किरकोळच उतरतो. डोळ्याला सगळे ठीक दिसते, करंट वाढलेला असतो, आणि एखादी गाठाळ मोळी आली की मोटार थांबून गुरगुरते.

आता त्या दोन जोड्यांच्या दातांकडे पुन्हा पाहू. पहिल्या जोडीचे मॉड्यूल ६ आणि दुसऱ्या जोडीचे १०. दुसरे दात इतके जाड का, याचे उत्तर टॉर्कमध्येच आहे. पहिल्या पिनियनची त्रिज्या ५१ मिलिमीटर. २३१ न्यूटन-मीटरचा टॉर्क त्या त्रिज्येवर आला की दातावर ४,५०० न्यूटन, म्हणजे ४६० किलोच्या आसपास जोर पडतो. मधल्या शाफ्टपर्यंत टॉर्क १,०८६ न्यूटन-मीटर झालेला असतो. दुसऱ्या पिनियनची त्रिज्या ७५ मिलिमीटर. तिथल्या दातावर पडतात १४,५०० न्यूटन, जवळजवळ दीड टन. म्हणजे टप्प्यागणिक वेग कमी होतो तसा दातावरचा मार तिपटीहून जास्त होतो. दोन्ही टप्प्यांना एकच मॉड्यूल ठेवले असते तर एक तर पहिला टप्पा उगाच अवजड झाला असता, किंवा दुसरा मोडला असता.

पंधरा दातांच्या या पिनियनचे आणखी एक दुखणे आहे. मोठ्या गिअरच्या प्रत्येक दातावर एकदा मार बसतो तोवर याच्या प्रत्येक दातावर पाचदा बसलेला असतो. शिवाय नेहमीच्या २० अंशांच्या दातांत सतरापेक्षा कमी दात कापले की हत्यार दाताच्या मुळाशी थोडे आत खाते आणि मूळ बारीक होते. म्हणून पिनियन पोलादाचे करतात आणि मोठा गिअर बिडाचा. झिजणारे लहान, बदलायला स्वस्त. पंधरा आणि शहात्तर, सतरा आणि चौऱ्याऐंशी या जोड्यांत सामाईक विभाजक नाही, हेही फायद्याचे. पिनियनचा एकच दात मोठ्या गिअरच्या त्याच त्या दातांना भेटत नाही, आळीपाळीने सगळ्यांना भेटतो, त्यामुळे झीज सारखी पसरते.

मालकाचा खरा प्रश्न मात्र पुढचा होता. त्याला दिवसाला जास्त ऊस गाळायचा होता. एक मार्ग कुणीतरी सुचवला होता: सतराचे पिनियन काढून वीसचे घाला, लाट जोरात फिरेल. मामांनी आधी शाफ्टमधले अंतर दाखवले. सतरा आणि चौऱ्याऐंशी मिळून १०१. सहाच्या मॉड्यूलने गुणून निम्मे केले की ३०३ मिलिमीटर, तेवढेच अंतर त्या दोन शाफ्टांत आहे. वीस आणि चौऱ्याऐंशीला ३१२ लागतील. शाफ्ट सरकवता येत नसेल तर बेरीज १०१च ठेवावी लागते. म्हणजे वीसबरोबर मोठा गिअर ८१ दातांचा, तोही नवा करून घ्यावा लागेल. समजा केला. मग एकूण गुणोत्तर २०.५२, लाटेचा वेग १४.३ फेरे आणि भरल्या मोटारीवर टॉर्क ४,२९० न्यूटन-मीटर. वेग बावीस टक्क्यांनी वाढला, पीळ अठरा टक्क्यांनी उतरला. मोळी पूर्वीइतकीच जाड घातली तर लाटेला पूर्वीइतकाच पीळ लागणार आणि मोटारीला साडेसातऐवजी सव्वानऊ किलोवॉट द्यावे लागणार. ते ती फार वेळ देऊ शकत नाही. ट्रिप होईल, नाही तर जळेल. आणि लाट घाईने फिरली की चिपाडात रस जास्त राहतो, हे वेगळेच.

मग दुसरा सल्ला आला, दहाऐवजी पंधरा हॉर्सपॉवरची मोटार बसवा. वेग तोच १,४४० असल्यामुळे दातांचा हिशेब बदलत नाही. लाट ११.७४ वरच राहते. मोळी जाड घालता येईल आणि लाटेवर साडेसात हजार न्यूटन-मीटरच्या पुढे पीळ उभा राहील. हे खरे. पण तो पीळ दुसऱ्या पिनियनच्या त्याच दातांतून जाणार आहे. दातावरचा जोर १४,५०० वरून २१,२०० न्यूटनवर जातो. शिवाय मोटार अडली की ती काही क्षण आपल्या नेहमीच्या टॉर्कच्या दोन-अडीचपट देते. उसाबरोबर एखादा दगड किंवा कोयत्याचा तुकडा आत गेला तर तो सगळा जोर एका दातावर येतो. आणि या चरकाचे दात नवे नाहीत. दाताची वाकण सोसायची ताकद त्याच्या जाडीच्या वर्गावर असते. झिजून जाडी वीस टक्क्यांनी घटली असेल तर त्याच जोराला आतला ताण दीडपटीहून जास्त होतो. मोठी मोटार आणि झिजलेला दात मिळून ताण सव्वादोनपटीवर जातो. आजवर हा चरक वाचला तो कशामुळे, हेही मामांनी दाखवले: पट्ट्यामुळे. जास्त ओझे आले की सपाट पट्टा घसरतो, कधी पुलीवरून उतरतो, आणि दात बचावतात. पंधराच्या मोटारीबरोबर लोक तीन-चार व्ही-पट्टे घट्ट ताणून बसवतात. ते घसरत नाहीत. मग यंत्रात सगळ्यांत कच्चा दुवा पिनियनचा दात किंवा शाफ्टची चावी ठरते. चावी जाणे स्वस्त, दात जाणे महाग.

कारखान्याच्या मिलमध्येही गणित हेच, फक्त शून्ये वाढतात. मिनिटाला पाच फेऱ्यांनी फिरणाऱ्या मिलला ३०० किलोवॉट द्यायचे म्हटले तर टॉर्क होतो ५,७३,००० न्यूटन-मीटर, आपल्या चरकाच्या शंभरपटीहून जास्त. तिथे दोनाऐवजी अनेक टप्पे असतात, वेगवान टप्प्यांत दात तिरके असतात, तेल पंपाने फिरते, आणि अलीकडे प्रत्येक मिलला वेग बदलता येणारी विजेची मोटार देतात. म्हणून वेग बदलायला तिथे गिअर बदलावे लागत नाहीत. गुऱ्हाळाच्या मालकाला ती सोय परवडत नाही, त्याला दातांच्याच आधाराने ठरवावे लागते.

शेवटी ठरले ते असे. मोटार दहाचीच ठेवायची. पंधरा दातांचे पिनियन नवे पोलादी करून घ्यायचे. अर्धा दात तुटलेला मोठा गिअर या हंगामापुरता चालवायचा, पण त्याच्या शेजारच्या दातांच्या मुळाशी तडा दिसतो का हे रोज सकाळी पाहायचे. तुटलेल्या दाताची पाळी येते तेव्हा भार एकदम शेजारच्या दातावर आदळतो, त्यामुळे पुढची मोड तिथूनच सुरू होते. लाटेच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, म्हणजे पाच सेकंदांनी एकदा, ठोका ऐकू येतो तो याच गिअरचा. सेकंदाला एक असा ठोका येऊ लागला तर तो मधल्या शाफ्टचा, कारण त्याचे फेरे मिनिटाला साठ. सेकंदाला पाच आले तर पहिल्या शाफ्टचा. दात एकदा मोजलेले असले की कुठला गिअर बोलतो आहे हे नुसत्या घड्याळावरून ओळखता येते. मामांनी १७, ८४, १५, ७६ हे चार आकडे चरकाच्या चौकटीवर ऑइलपेंटने लिहिले आणि त्याखाली लाटेच्या दहा फेऱ्यांचे ५१ सेकंद. करंटची मर्यादा चौदा अँपिअर, ती मात्र त्यांनी चरकावर न लिहिता स्टार्टरच्या डब्यावर लिहिली. चरक पुढे कुणाला विकला तर दात त्याच्याबरोबर जातील, मोटार जाईलच असे नाही.